पत्र माजी विद्यार्थ्यांना, हिशेब पै-पैचा

‘आपल्या शाळेसाठी यथाशक्ती मदत करावी’ अशी पत्रं स्नेहमेळाव्यानंतर अनेक शाळांमधून निघतात. वाचणाऱ्याला जुने वर्ग आठवतात, पण किती पाठवायचे आणि त्यातून कोणाचं काय होणार, हे कळत नाही. पत्र तसंच बाजूला राहतं.

चांगलं पत्र गरजेपासून सुरू होतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत मोफत मिळतात. नववीत ती विकत घ्यावी लागतात, दहावीत बोर्डाच्या परीक्षेचं शुल्कही येतं. गरीब घरात ओढाताण होते ती इथे.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका शाळेने नववी-दहावीतल्या १० मुलींची जबाबदारी घेतली. एका मुलीची वर्षाची पुस्तकं-वह्या ३,००० रुपये, गणवेश आणि बूट २,०००, परीक्षा शुल्क व सराव साहित्य १,०००. एकूण ६,०००, दहाजणींचे ६०,०००. एसटीचा पास मुलींना मोफत मिळतो, म्हणून तो यादीत नाही. आता पत्रात सरळ लिहिता येतं: ‘६,००० रुपयांत एका मुलीचं एक वर्ष.’

पुढचा प्रश्न, पैसे यंदाच खर्चायचे की मुद्दल राखून फक्त व्याज वापरायचं? सहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ६०,००० मिळायला १० लाखांचा कायम निधी लागतो. एवढा निधी जमेपर्यंत आजच्या मुली शाळेतून बाहेर पडलेल्या असतील. त्यामुळे सुरुवातीला चालू खर्चासाठी मागणं बरं. कायम निधीसाठी कोणी दिलं, तर तसं त्याच्याकडून लिहून घ्यावं लागतं.

पैसे कसे पाठवायचे, हेही पत्रातच हवं. संस्थेकडे ८०जीची मान्यता असली, तरी २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. परदेशात राहणारा भारतीय नागरिक आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती परदेशी देणगी ठरते आणि ती घ्यायला संस्थेला केंद्र सरकारची परवानगी लागते.

खरी कसोटी वर्षाअखेरच्या पत्राची. शिष्यवृत्तीचं बँक खातं वेगळं असेल, तर एक पान पुरतं: जमा ७२,०००, खर्च ५४,०००, शिल्लक १८,०००. शिल्लक पासबुकाशी जुळायला हवी. ठरल्यापेक्षा ६,००० कमी का खर्च झाले, तेही त्याच पानावर असावं: एक मुलगी जूनमध्येच दुसऱ्या गावी गेली, म्हणून नऊजणींनाच मदत झाली. मुलींची नावं आणि फोटो पत्रात नसतात. निवडीचे निकष आणि निवड समितीत कोण होतं, हे असतं. शेवटच्या ओळीत पुढच्या वर्षाचा आकडा येतो: १८,००० शिल्लक म्हणजे तिघींची सोय झाली, उरलेल्या सातजणींसाठी ४२,००० हवेत.