‘माशाअल्लाह’ म्हणजे नुसती वाहवा नव्हे

हिंदी सिनेमा पाहून बहुतेकांची समजूत अशी झालेली असते, की ‘माशाअल्लाह’ म्हणजे ‘काय सुंदर!’. पण या शब्दांत सौंदर्याचा उल्लेखच नाही. ‘मा शाअ अल्लाह’ म्हणजे ‘अल्लाहने जे इच्छिलं ते’. क्रियापद भूतकाळी आहे, म्हणून झालेल्या, डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीलाच ते शोभतं. ‘उद्या येतो, माशाअल्लाह’ हे चूक. तिथे ‘इन्शाअल्लाह’ हवं.

कुराणात हे शब्द ‘कह्फ’ सूरेतल्या दोन बागांच्या गोष्टीत येतात. एकाच्या बागा फळांनी लगडलेल्या, त्याला त्याचा ताठा. दुसरा म्हणतो, बागेत शिरताना ‘माशाअल्लाह’ का नाही म्हणालास? म्हणजे हे वाक्य केवळ दुसऱ्याच्या वस्तूसाठी नाही, स्वतःच्या भरभराटीसाठीही आहे.

रोजच्या व्यवहारात मात्र त्यामागे दृष्टीची धास्ती असते. कैरोत कुणाच्या तान्ह्या बाळाला ‘किती गुटगुटीत!’ एवढंच म्हणून थांबलात, तर आजीच्या कपाळावर आठी उमटू शकते. दृष्ट काढणाऱ्या आपल्या घरांना हे सांगायला नको! तरी हा दृष्टीवरचा मंत्र आहे असं सरसकट म्हणता येत नाही. दृष्टीविषयीच्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये समोरच्यासाठी ‘बरकत’ मागायला सांगितलं आहे. ‘माशाअल्लाह’ची सवय लोकरूढीत अधिक रुजली. मोरोक्कोत अशा वेळी ‘तबारकल्लाह’ही ऐकू येतं.

‘अलहम्दुलिल्लाह’बद्दलचा गोंधळ वेगळा. शब्दशः अर्थ ‘स्तुती अल्लाहची’. ‘कसे आहात?’ला हेच उत्तर येतं, म्हणून ऐकणारा ‘मजेत’ असं धरून चालतो. पण ताप अंगात असलेला माणूसही तेच म्हणतो. वाईट दिवसांत ‘अला कुल्लि हाल’, म्हणजे ‘कोणत्याही स्थितीत’, हे शब्द जोडले जातात. तब्येत खरंच जाणून घ्यायची असेल, तर पुन्हा विचारावं लागतं.

शिंकेनंतरचा रिवाज तर छोटा संवादच आहे. शिंकणारा ‘अलहम्दुलिल्लाह’ म्हणतो, ऐकणारा ‘यर्हमुकल्लाह’ (अल्लाह तुझ्यावर दया करो), त्यावर पहिला ‘यह्दीकुमुल्लाह’ (तो तुम्हाला सन्मार्ग दाखवो). स्त्रीला उद्देशून ‘यर्हमुकिल्लाह’. जेवणाच्या शेवटीही हाच शब्द येतो. यजमान आणखी भात वाढू लागला, की पाहुणा छातीवर हात ठेवून ‘अलहम्दुलिल्लाह’ म्हणतो: पोट भरलं. नवखा माणूस ही फक्त प्रार्थना समजून गप्प राहिला, तर ताट पुन्हा भरलंच समजा.

हे फक्त मुसलमानांचे शब्द, ही समजूतही खरी नाही. अरबी ख्रिस्ती देवाला ‘अल्लाह’च म्हणतात, त्यांच्या बायबलातही हाच शब्द आहे. बैरूतमधली ख्रिस्ती आजी नातवाचे गुण ऐकून ‘माशाअल्लाह’ म्हणते आणि गुडघ्याचं विचारलं, तर ‘अलहम्दुलिल्लाह’.