घरखर्चाचे गणित : भाग ७ – पडता बाजार आणि गेलेली नोकरी

कुटुंबाची आर्थिक योजना वाईट प्रसंगाचे आकडे मुद्दाम घालून पुन्हा मांडून पाहणे, याला ताणचाचणी म्हणतात. बाजाराची पडझड आणि नोकरी जाणे हे दोन प्रसंग बहुतेक योजनांत वेगवेगळे तपासले जातात; परंतु मंदीच्या भीतीने शेअर विकले जातात तेव्हाच कंपन्याही मनुष्यबळ कमी करू लागतात, त्यामुळे ते एकाच वेळी गृहीत धरणे अधिक वास्तवाला धरून आहे. अशा चाचणीत बाजाराची एक-तृतीयांश घसरण धरणे ही अतिशयोक्ती नव्हे. जानेवारी ते मार्च २०२० या काळात सेन्सेक्स सुमारे ३८ टक्के घसरला, आणि २००८ची पडझड तर याहून खोल होती.

उदाहरणादाखल पुण्यातील एक काल्पनिक कुटुंब घेऊ. पतीचे हाती येणारे वेतन १,१०,००० रुपये व पत्नीचे ४०,००० रुपये असून, समभाग म्युच्युअल फंडांत १२ लाख आणि मुदत ठेवीत ३ लाख रुपये आहेत. पतीची नोकरी गेल्यावर एसआयपी थांबवली आणि खर्चाला कात्री लावली, तरी गृहकर्जाचा ४०,००० रुपयांचा हप्ता, ५५,००० रुपयांचा घरखर्च आणि कंपनीचा समूह आरोग्यविमा संपल्याने स्वतः घ्यावा लागणाऱ्या विम्याचे महिन्याकाठी २,००० रुपये धरून ९७,००० रुपये लागतात. म्हणजे दरमहा ५७,००० रुपयांची तूट पडते. एकूण १५ लाखांना या तुटीने भागल्यास सव्वीस महिने निघतील असे दिसते, आणि फसगत होते ती येथेच.

बेकारी वर्षभर टिकली तर ६,८४,००० रुपये लागतात. मुदत ठेव सव्वापाच महिन्यांत संपते आणि उरलेले ३,८४,००० रुपये फंडाची युनिटे विकून उभे करावे लागतात. भाव एक-तृतीयांशाने उतरलेले असल्याने त्यासाठी पूर्वीच्या भावाने ५,७६,००० रुपये किमतीची युनिटे द्यावी लागतात. पुढे बाजार पूर्वपातळीवर आला, तरी विकलेली युनिटे परत येत नाहीत, आणि शिल्लक ६,२४,००० रुपयेच राहते. पडझड एकटी आली असती तर थांबण्याने ती भरून निघाली असती. नोकरी एकटी गेली असती तर ६,८४,००० रुपयेच खर्ची पडले असते. वरचे १,९२,००० रुपये केवळ दोन्ही संकटे एकत्र आल्याचे आहेत.

म्हणून आपत्कालीन निधी वेतनाच्या पटीत न मोजता, मासिक तूट गुणिले बेकारीचे गृहीत महिने, असा काढावा. येथे तो ६,८४,००० रुपये येतो, म्हणजे बाजार चढा असतानाच ३,८४,००० रुपये फंडांतून ठेवीत हलवायला हवेत. चांगल्या वर्षांत या रकमेवर परतावा कमी मिळेल, हे मान्यच आहे; तरीही तो भार पत्करण्याजोगा आहे. बाजाराची पातळी भरून येण्याचा काळ मात्र आधी सांगता येत नाही: २०२० मध्ये ती त्याच वर्षी नोव्हेंबरात गाठली गेली, तर जानेवारी २००८ची पातळी पुन्हा दिसायला २०१० उजाडून संपत आले.

या मांडणीचा सर्वांत नाजूक भाग पत्नीचे वेतन टिकेल हे गृहीतक होय. दोघेही एकाच उद्योगात असतील, तर ते शून्य धरून दुसरी चाचणी करावी; तेव्हा तूट ९७,००० रुपयांवर जाते, आणि ३ लाखांची ठेव जेमतेम तीन हप्ते भरेपर्यंत पुरते.