दोन आकडे आणि तोट्याची शक्यता

समजा, तासगावात एक बेदाणा व्यापारी प्रतवारी आणि पॅकिंगचं यंत्र घेतोय. किंमत १०० लाख रुपये, आयुष्य ३ वर्षं. दरवर्षी खर्च वजा जाता हातात किती उरेल? बरं वर्ष गेलं तर ५९ लाख, बेताचं गेलं तर ४५, वाईट गेलं तर ३१. बेताच्या वर्षाची शक्यता निम्मी, बाकी दोन्हींची पाव-पाव. (आकडे माझे, हिशेबासाठी घेतलेले.) प्रश्न एकच: पैसे बुडण्याची शक्यता किती?

शक्यतांना त्यांचं वजन देऊन सरासरी काढली की वर्षाला अपेक्षित ४५ लाख येतात. पण पुढच्या वर्षीचे ४५ लाख म्हणजे आजचे ४५ लाख नव्हेत. सरकारी रोख्यांसारख्या निर्धोक ठिकाणी ७ टक्के मिळत असतील, तर वर्षाने येणारे ४५ लाख आजच्या भावात ४२.०६ लाख होतात, दुसऱ्या वर्षीचे ३९.३० आणि तिसऱ्या वर्षीचे ३६.७३. एकूण ११८.०९. त्यातून यंत्राचे १०० वजा केले की उरतात सुमारे १८ लाख. हेच अपेक्षित निव्वळ वर्तमान मूल्य, बँकेच्या फायलीत ज्याला एनपीव्ही म्हणतात ते.

आकडा अधिक चिन्हाचा, म्हणजे घ्या यंत्र? थांबा. हे १८ लाख फक्त सरासरी आहेत. खरा आकडा त्यांच्या आजूबाजूला किती हेलकावेल, हे त्यांच्यात कुठेच लिहिलेलं नाही. त्यासाठी दुसरा आकडा हवा: प्रमाण विचलन. सरासरीपासून प्रत्येक शक्यता किती दूर, त्याचा वर्ग करायचा, शक्यतेने गुणून बेरीज घ्यायची आणि वर्गमूळ काढायचं. आपल्या यंत्राचं उत्तर येतं ९.९, म्हणजे वर्षाला जवळपास १० लाख.

आता तीन वर्षांचे हेलकावे एकत्र करायचे. सोयीसाठी वर्षाला पूर्ण १० लाख धरून तेही आजच्या भावात आणले की ९.३५, ८.७३ आणि ८.१६ लाख होतात. बेरीज केली, २६.२४. झालं?

नाही! आणि इथेच या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट लपली आहे. एक वर्ष वाईट गेलं म्हणून दुसरं वाईट जाईलच असं नसेल, तर हे हेलकावे असे बेरजेत जुळत नाहीत. ते पायथागोरसच्या नियमाने जुळतात. पूर्वेला ९.३५ पावलं चाला, मग काटकोनात उत्तरेला ८.७३, मग सरळ वर शिडीने ८.१६. निघालात तिथून तुम्ही किती दूर? २६ पावलं नव्हे, फक्त १५.१७. वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. परस्परांशी संबंध नसलेली वर्षं जणू एकमेकांना काटकोनात उभी असतात. शाळेतला काटकोन त्रिकोण बेदाण्याच्या धंद्यात येऊन बसतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण वर्षं एकमेकांत पुरती गुंतलेली असतील तर? मग तिन्ही पावलं एकाच दिशेला पडतात आणि अंतर खरंच २६.२४ होतं. हा फरक कागदावरचा नाही. अवकाळी पावसाने शेडवरचा माल भिजला, तर ते दुखणं त्या वर्षापुरतं. शेजारच्या गावात कुणी दुप्पट क्षमतेचं यंत्र बसवलं, तर तिन्ही वर्षांचं गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं. खऱ्या धंद्यात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक हिलियर यांनी १९६३ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात नेमकी हीच मांडणी केली: दरवर्षीच्या रकमेचे दोन भाग पाडा, एक सुटा आणि एक पूर्ण गुंतलेला. सुट्या भागाला काटकोनाचा नियम लावा, गुंतलेल्याला सरळ बेरजेचा.

आता शेवटची पायरी, आणि ती हास्यास्पद वाटावी इतकी छोटी आहे. सरासरीपासून शून्य किती हेलकावे दूर आहे? वर्षं सुटी असतील तर १८.०९ भागिले १५.१७, म्हणजे १.१९. घंटेच्या आकाराचा तो प्रसिद्ध वक्र घ्या आणि सरासरीच्या १.१९ हेलकावे डावीकडे किती भाग उरतो ते पाहा. एक्सेलमध्ये इतकंच टाइप करायचं:

```
=NORM.S.DIST(-1.19,TRUE)
```

उत्तर ०.११७. तोट्याची शक्यता सुमारे १२ टक्के. वर्षं पूर्ण गुंतलेली असतील तर १८.०९ भागिले २६.२४, म्हणजे ०.६९, आणि शक्यता साडेचोवीस टक्के. यंत्र तेच, सरासरी तीच, वार्षिक हेलकावाही तोच. तरी धोका दुप्पट!

यावर विश्वास ठेवायचा का? आपल्याकडे तर वर्षाला तीनच शक्यता आहेत, घंटा कुठून आली? चला, हाताने मोजू. तीन वर्षं, प्रत्येकी तीन शक्यता, म्हणजे २७ प्रकार. यंत्र बुडतं ते फक्त तिन्ही वर्षं वाईट गेली तर, किंवा दोन वाईट आणि एक बेताचं गेलं तर. या चार प्रकारांच्या शक्यता मिळवल्या की येतात १०.९ टक्के. वक्र ११.७ म्हणाला होता. आणि गुंतलेल्या वर्षांत? तिथे सगळी वाईट, सगळी बेताची किंवा सगळी बरी, एवढंच शक्य, आणि बुडवणारा प्रकार एकच: २५ टक्के. वक्र म्हणाला होता साडेचोवीस. ज्याला आपल्या ३१, ४५, ५९चा पत्ताही नव्हता, त्याने फक्त दोन आकड्यांवरून इतकं जवळचं सांगितलं. अर्थात गुंतलेल्या वर्षांतलं हे जुळणं थोडं नशिबाचं आहे. सुट्या हेलकाव्यांची बेरीज घंटेकडे झुकते, गुंतलेल्यांची झुकेलच असं नाही. एखाद्या वर्षी अचानक फार मोठा फटका बसू शकत असेल, तर वक्राची डावी शेपटी खोटी निघते.

सगळ्यात सहज होणारी चूक मात्र दराची. अनेक जण सवयीने ७ऐवजी १४ टक्के घेतात, कारण ‘धंद्यात जोखीम असते’. तसं केलं तर अपेक्षित मूल्य १८ लाखांवरून साडेचारवर येतं आणि सुट्या वर्षांतही तोट्याची शक्यता ३७ टक्के दिसते. काय झालं? वाढीव दरात जोखीम एकदा मोजली, मग प्रमाण विचलनात तीच पुन्हा मोजली. शक्यता काढायची असेल तर दर निर्धोकच हवा. उलट, ७ टक्क्यांनी आलेले १८ लाख ही यंत्राची बाजारातली किंमत समजू नका. जोखमीचा मोबदला त्यातून अजून वजा झालेलाच नाही.

आणि १२ टक्के हा आकडा तोटा किती वेळा होईल ते सांगतो, किती खोल होईल ते नाही. तिन्ही वर्षं वाईट गेली तर आजच्या भावात १८.६५ लाख जातात. वर्षं सुटी असतील तर हा पूर्ण फटका बसण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे, गुंतलेली असतील तर ४ मध्ये १.