पक्षाघाताचे पहिले तास : शिरूर व दौंड परिसराच्या संदर्भात परिचर्येचे अग्रक्रम

प्रस्तावना :

ग्रामीण भागात पक्षाघाताला 'अंगावरून वारं गेलं' असे म्हटले जाते. वारे गेले म्हटले की मालिश आणि शेक ओघानेच येतात व त्यात मोलाचे तास निघून जातात. वस्तुतः पक्षाघात हा मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार आहे. वाहिनी गुठळीने बंद झाली तर रक्तपुरवठा खंडित होतो, आणि ती फुटली तर मेंदूत रक्तस्राव होतो. पहिल्या तासांत परिचारिकेने काय ठरवावे आणि काय ठरवू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ओळख व वेळेची नोंद :

विवेचनासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्यातील ६२ वर्षांचे एक शेतकरी पहाटे ५ वाजता विहिरीजवळ बसलेले आढळतात. तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात उचलला तर खाली पडतो, शब्द अडखळतात. चेहरा, हात व बोलणे यांपैकी एकात जरी असा बदल अचानक झाला, तरी पक्षाघाताचा संशय घेण्यास तो पुरेसा असतो. अचानक तोल जाणे वा दिसेनासे होणे हीसुद्धा लक्षणेच होत.

६ वाजता रुग्ण ग्रामीण रुग्णालयात पोहोचतो. पत्नी सांगते, "रात्री दहाला जेवून झोपले, तेव्हा चांगले होते." ही वेळ धरली तर आठ तास उलटून गेले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास लक्षणे दिसल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत असल्याच्या वेळेपासून मोजतात. परंतु परिचारिका आणखी विचारते : रात्रीत कोणाशी बोलणे झाले होते का? शेतीपंपाची वीज आल्याचे सांगण्यासाठी त्यांनी भावाला फोन केलेला असतो. भावाच्या मोबाइलवर वेळ दिसते ४.१०, आणि बोलणे स्पष्ट होते असे तो सांगतो. आता मुदत सकाळी ८.४० पर्यंत आहे. एका प्रश्नाने रुग्ण उपचाराच्या कक्षेत परत आला. (मुदत टळली तरी मोठी वाहिनी बंद असलेल्या निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंत शक्य असतो; म्हणून उशीर झालेला रुग्णही थांबवून ठेवू नये.)

प्रकारभेद :

दुसरे उदाहरण, तेही रचलेलेच, दौंडचे. ५५ वर्षांच्या बाईंना अचानक तीव्र डोकेदुखी, उलट्या, वाढती गुंगी आणि रक्तदाब २१०/१२०. हे चित्र रक्तस्रावाकडे झुकते. परंतु झुकते एवढेच. लहान रक्तस्राव शिरूरच्या रुग्णासारखाच दिसू शकतो. निर्णय सीटी स्कॅनच करतो. ताजे रक्त त्यात पांढरे दिसते. याउलट गुठळीच्या पक्षाघातात पहिल्या काही तासांतील स्कॅन बऱ्याचदा जवळजवळ स्वच्छ असतो. 'स्कॅन नॉर्मल आहे' हे ऐकून नातेवाईक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात याच रुग्णाला इंजेक्शनचा लाभ होण्याचा संभव असतो.

म्हणूनच स्कॅनपूर्वी अॅस्पिरिन देऊ नये; रक्तस्राव असल्यास ती घातक ठरू शकते.

परिचर्येचे अग्रक्रम :

प्रथम श्वासमार्ग. गुंगीतील रुग्णास कुशीवर वळवावे. प्राणवायू रक्तातील प्रमाण ९४ टक्क्यांखाली असेल तरच द्यावा. त्यानंतर लगेच रक्तशर्करा तपासावी, कारण साखर ६० च्या खाली गेली तर हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र दिसते आणि ते शिरेतून ग्लुकोज देऊन दूर होते. साखर ठीक असल्यास ग्लुकोजची बाटली लावू नये; शिरेतून द्यावयाचा द्रव साध्या सलाइनचा असावा.

गिळण्याची चाचणी होईपर्यंत पाणी, चहा, गोळी काहीही तोंडाने देऊ नये. प्रेमाने पाजलेला चहाचा घोट फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो, याचा अनुभव वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकास असेल.

रक्तदाबाविषयी घाई सर्वाधिक होते. गुठळीच्या पक्षाघातात वाढलेला दाब अर्धमेल्या भागाला रक्त पोहोचवत असतो. जिभेखाली गोळी ठेवून तो एकदम खाली आणल्यास तोही भाग मरतो. इंजेक्शन द्यावयाचे असेल तर दाब १८५/११० च्या खाली हवा. द्यावयाचे नसेल तर साधारणतः २२०/१२० पर्यंत हात लावत नाहीत. रक्तस्रावात मात्र तो वैद्यकीय देखरेखीखाली १४० च्या आसपास आणतात. प्रकार ठाऊक नसताना परिचारिकेचे काम दाब नोंदविणे व डॉक्टरांना कळविणे हेच होय.

शिरूरचा रुग्ण ६.२० ला १०८ रुग्णवाहिकेतून निघाला पाहिजे. पुणे येथून ६५ ते ७० किलोमीटर आहे आणि वाघोलीच्या पुढे सकाळची वाहतूक वाढते. निघण्यापूर्वी फोन करून स्कॅन व इंजेक्शन दोन्ही एकाच ठिकाणी आहेत ना, हे विचारावे आणि '४.१०' ही वेळ कळवावी. चिठ्ठीवर तीच वेळ, रक्तशर्करा, दर पंधरा मिनिटांचा रक्तदाब व शुद्धीची पातळी, चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, आणि भावाचा फोन क्रमांक असावा. भाऊ सोबत गेला तर उत्तमच.