जुना स्कॅन जपून ठेवा, नवा अहवाल नीट वाचा

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत नुकतेच एका ज्येष्ठ रेडिओलॉजिस्टांचे व्याख्यान झाले. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांचे अहवाल आपण कसे वाचावेत आणि ती कागदपत्रे व फिल्म कशा जपाव्यात, हा त्यांचा विषय होता. पाक्षिकाच्या वाचकांना उपयोगी पडावे म्हणून त्या व्याख्यानातील महत्त्वाचा भाग, माझ्या दवाखान्यातील अनुभवाची थोडी जोड देऊन, येथे मांडत आहे.

वक्त्यांनी सारे व्याख्यान एकाच रुग्णाच्या हकिगतीभोवती गुंफले होते. आपणही तीच वाट धरू.

एका ठिपक्याची गोष्ट

एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ. विडी-सिगारेटचे व्यसन कधीच नव्हते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात एक पुसट ठिपका दिसला. खात्रीसाठी छातीचा सीटी स्कॅन झाला. अहवालात लिहून आले की उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात आठ मिलिमीटरचा घट्ट नोड्यूल असून, जुना स्कॅन तुलनेसाठी उपलब्ध नाही, सहा ते बारा महिन्यांनी सीटी पुन्हा करावा.

नोड्यूल म्हणजे फुप्फुसात दिसणारा, तीन सेंटीमीटरपर्यंतचा गोलसर ठिपका. आपल्याकडे तो बहुधा केव्हातरी होऊन बऱ्या झालेल्या क्षयाचा किंवा अन्य जंतुसंसर्गाचा व्रण असतो. क्वचित ती कर्करोगाची सुरुवातही असू शकते. एकाच स्कॅनवरून या दोहोंतला फरक पुष्कळदा सांगता येत नाही. फरक सांगतो तो काळ. व्रण आहे तसाच राहतो, गाठ वाढते. म्हणूनच पुन्हा स्कॅन करायचा सल्ला दिला जातो. घरच्यांनी मात्र ‘नोड्यूल’ हा शब्द वाचला आणि सगळ्यांची झोप उडाली. शस्त्रक्रिया लांबणीवर पडली आणि सुईने तुकडा काढून तपासावा का, अशी चर्चा सुरू झाली.

रेडिओलॉजिस्टांनी त्यांना एकच प्रश्न विचारला : “यापूर्वी तुमचा कोणताही सीटी झाला होता का? छातीचाच असे नव्हे, कोणताही.” तेव्हा सूनबाईंना आठवले, चार वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी पोटाचा सीटी झाला होता. माळ्यावरच्या पिशवीतून ते पाकीट निघाले.

आता पुढचा भाग लक्ष देऊन वाचा. पोटाचा सीटी काढताना यंत्र यकृताच्या वरच्या कडेपासून सुरुवात करते आणि त्यात फुप्फुसांचा तळभाग आपोआप येतो. पण पाकिटातल्या मोठ्या फिल्मवर तो ठिपका नव्हता, कारण एका स्कॅनमध्ये शेकडो काप असतात आणि फिल्मवर त्यातील निवडक कापच छापले जातात. तेथे मूत्रपिंडे आणि खडा तेवढा छापला होता. ठिपका सापडला तो पाकिटाच्या कप्प्यात राहून गेलेल्या सीडीवर. तिच्यात सर्व काप होते. जुन्या अहवालाच्या मधल्या परिच्छेदातही एक ओळ होती : उजव्या फुप्फुसाच्या तळाशी सात मिलिमीटरचा लहान नोड्यूल. शेवटच्या निष्कर्षात फक्त मूतखडा लिहिलेला असल्याने ती ओळ कोणी वाचलीच नव्हती.

तेव्हा सात आणि आता आठ, म्हणजे वाढला की काय? सभेत हाच प्रश्न एका काकूंनी विचारला. वक्ते म्हणाले, एवढ्या लहान ठिपक्याच्या मापात दीड-दोन मिलिमीटरचा फरक मोजणीतच पडू शकतो. श्वास किती भरून घेतला, काप किती जाडीचा घेतला, मोजणारा कोण, यावर तो अवलंबून असतो. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून स्वतः मोजले, तेव्हा दोन्हींत ठिपका सारखाच भरला. घट्ट नोड्यूल दोन वर्षे मुळीच वाढला नाही, तर तो निरुपद्रवी मानण्याचा प्रघात आहे. येथे तर चार वर्षे लोटली होती. तुकडा काढण्याचा विचार सुटला, पुन्हा स्कॅनची गरज उरली नाही आणि हर्नियाची शस्त्रक्रिया पार पडली.

या नियमाची मर्यादाही त्यांनी सांगितली. ठिपका घट्ट नसून धुरकट काचेसारखा पुसट असेल, तर तो फार हळू वाढू शकतो आणि त्यावर अधिक वर्षे लक्ष ठेवावे लागते. पूर्वी कर्करोग झालेल्या रुग्णाचा हिशेबही वेगळा असतो. तेव्हा तुलना तज्ज्ञानेच करायची. आपले काम, तुलनेला लागणारी वस्तू त्याच्या हाती देणे.

अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा

पाकीट हाती आले की आपण बहुधा थेट शेवटच्या ओळीकडे धावतो. वक्त्यांनी सुचवलेला क्रम असा :

प्रथम नाव, वय, तारीख आणि तपासलेली बाजू पाहावी. उजवा गुडघा दुखत असताना अहवालात डावा लिहिला असेल, तर तेथेच केंद्रावर दाखवून दुरुस्त करून घ्यावा.

नंतर ‘कम्पॅरिझन’ म्हणजे तुलनेची ओळ शोधावी. जुना स्कॅन पाहिला असेल तर त्याची तारीख तेथे असते. ‘उपलब्ध नाही’ असे असेल आणि तुमच्या घरी जुना स्कॅन असेल, तर काम अपुरे राहिले आहे असे समजावे.

त्यानंतर ‘फाइंडिंग्ज’, म्हणजे जे जे दिसले त्याची नोंद. हा भाग लांबलचक आणि शब्दजड असतो. तो सारा समजला पाहिजे असे नाही. पण त्यात कुठे मिलिमीटर किंवा सेंटीमीटरमध्ये माप दिलेले असेल, तर त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि आपल्या डॉक्टरांना तीच ओळ दाखवावी. आपल्या गृहस्थांची सात मिलिमीटरची ओळ अशीच मधल्या मजकुरात दडलेली होती.

शेवटी ‘इम्प्रेशन’, म्हणजे निष्कर्ष. त्याखाली पुन्हा तपासणीचा सल्ला असल्यास तो महिना त्याच दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा. दिनदर्शिका बदलली की नोंदही नव्या पानावर उतरवून घ्यावी.

काही शब्द विनाकारण घाबरवतात. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे नोंद घेण्यासारखे काही नाही, ही चांगली बातमी आहे. ‘डीजेनरेटिव्ह’ म्हणजे झिजेमुळे झालेला बदल. साठीनंतर मणक्याच्या किंवा गुडघ्याच्या अहवालात हा शब्द नसला तरच नवल. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे रुग्णाच्या तक्रारी आणि तपासणी यांच्याशी ताडून पाहावे. हा अहवाल टाळाटाळीचा नव्हे. यंत्राला चित्र दिसते, दुखणे दिसत नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते.

काय जपावे, कसे जपावे

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सीडी, कारण तुलनेला लागणारे सगळे काप तिच्यात असतात. पण सीडी चरे पडून किंवा नुसत्या वयानेही बिघडते, आणि ती वाचणारे संगणकही आता कमी झाले आहेत. घरातील मुला-नातवंडांना सांगून ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. उतरवताना दोन-चार चित्रे निवडू नयेत. सीडीवरील सर्व फोल्डर आणि `DICOMDIR` नावाची फाइल जशीच्या तशी घ्यावी. पेन ड्राइव्हही हरवतो, म्हणून आणखी एक प्रत घरच्या संगणकावर असावी. केंद्राने सीडीऐवजी मोबाइलवर लिंक पाठवली असेल, तर ती काही काळाने बंद होऊ शकते. त्याच आठवड्यात चित्रे उतरवून घ्यावीत.

“आम्ही फिल्मचा फोटो काढून मोबाइलवर ठेवतो, तेवढे पुरे नाही का?” असे एका सदस्यांनी विचारले. उत्तर असे : लिहिलेल्या अहवालाचा स्पष्ट फोटो अवश्य ठेवावा, तो तातडीच्या वेळी उपयोगी पडतो. फिल्मच्या फोटोवरून मात्र माप घेता येत नाही आणि पुसट ठिपके त्यात हरवतात.

फिल्मचा मोठा शत्रू उष्णता. आजकालच्या बहुतेक सीटी-एमआरआयच्या फिल्म उष्णतेनेच छापल्या जातात, त्यामुळे पुन्हा तापल्या तर काळवंडतात. त्या उन्हात तापणाऱ्या गाडीत, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा देवघरातील समईजवळ ठेवू नयेत आणि कधीही लॅमिनेट करू नयेत. घडी घालू नये, गुंडाळी करू नये. कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात दमटपणाने फिल्म एकमेकींना चिकटतात, म्हणून प्रत्येक तपासणी तिच्या स्वतंत्र कागदी पाकिटात असावी.

सोनोग्राफीची लहान चित्रे आणि ईसीजीची पट्टी यांचे उलट असते. तो कागद कालांतराने फिका पडतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत लवकर फिका पडतो. त्यांची साधी झेरॉक्स काढून मूळ कागदासोबत ठेवावी.

रुग्णालयाकडे सारे असेलच, या भरवशावर राहू नये. दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे सांभाळण्याचे आणि मागणी केल्यावर ७२ तासांत प्रत देण्याचे बंधन २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. पण आपल्या गृहस्थांना लागलेला स्कॅन चार वर्षांपूर्वीचा होता.

घरात जागा अपुरी असेल, तर कागदी अहवाल सगळे ठेवावेत. फिल्म व सीडींपैकी प्रत्येक अवयवाची सर्वांत जुनी आणि शेवटच्या दोन अवश्य ठेवाव्यात. ज्या तपासणीत गाठ, ठिपका किंवा माप नोंदलेले आहे, ती कधीच टाकू नये.

एका पानाची यादी

पाकिटे जपली तरी ऐन वेळी सापडायला हवीत. यासाठी एका वहीच्या पहिल्या पानावर यादी करावी : तारीख, कोणती तपासणी, कोणता अवयव, कोणत्या केंद्रात, तेथील नोंदणी क्रमांक आणि निष्कर्षाची एक ओळ. तोच अनुक्रमांक पाकिटावर जाड पेनने लिहावा. वरील गृहस्थांच्या यादीत ‘पोटाचा सीटी, मूतखडा; फुप्फुसात ७ मिमी ठिपका, सीडी आहे’ एवढी ओळ असती, तर माळा धुंडाळावा लागला नसता. वही कुठे आहे, हे घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे. रात्री-अपरात्री रुग्णालयात धावताना वही शोधणारा बहुधा रुग्ण नसतो.

आणि जुनी पाकिटे दाखवायची ती स्कॅन होण्यापूर्वी, केंद्राच्या खिडकीवरच. तेथे स्पष्ट सांगावे, “हे जुने आहे, तुलना करून अहवाल द्या.” जुना स्कॅन उशिरा सापडला, तरी नवीन अहवाल अंतिम समजून गप्प बसू नये. सीडी घेऊन त्याच केंद्रात जावे आणि पुरवणी अहवाल मागावा. त्याला ते ‘अ‍ॅडेंडम’ म्हणतात. त्यात तुलनेची तारीख लिहिलेली आहे ना, हे तेथेच उभे राहून पाहावे आणि मगच घरी परतावे.