शाळा तीच, ‘द’ कुणाला?

सकाळी अकरा वाजता मुलगा वर्गात बसलेला असतो आणि वडील फी भरायला त्याच शाळेत आलेले असतात. मराठीत दोघेही शाळेतच. इंग्रजीत मात्र मुलगा ‘ॲट स्कूल’ आणि वडील ‘ॲट द स्कूल’.

शाळा ज्यासाठी असते, त्याचसाठी मुलगा तिथे गेला आहे. म्हणून ‘द’ नाही. वडिलांच्या दृष्टीने ती नुसती एक ठरावीक इमारत. कैदी ‘इन प्रिझन’ असतो, पण त्याला भेटायला गेलेला भाऊ किंवा तिथला नळ दुरुस्त करणारा प्लंबर ‘ॲट द प्रिझन’. ‘गो टू बेड’ म्हणजे झोपायला जाणं. पलंगावर बसून मोजे चढवायचे असतील तर ‘सिट ऑन द बेड’. कॉलेज आणि चर्चचंही असंच. हॉस्पिटलवर मात्र इंग्रजांचं आणि अमेरिकनांचं जमत नाही: ब्रिटनमध्ये दाखल झालेला पेशंट ‘इन हॉस्पिटल’, अमेरिकेत तोच ‘इन द हॉस्पिटल’. दोन्ही बरोबर, एका लिखाणात एकच धरावं, एवढंच.

हा नियम कळला की आपण तो सगळीकडे लावायला जातो आणि तिथे फसतो. ‘आय वेन्ट टू बँक’ हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येतं. पैसे काढायलाच गेलो होतो, म्हणजे बँकेच्याच कामाला, मग ‘द’ कशाला? असा युक्तिवाद इथे चालत नाही. बँक, पोस्ट ऑफिस, स्टेशन, लायब्ररी, ऑफिस यांना कामासाठी जा की सहज डोकवा, ‘द’ लागतोच. सवलत मिळालेले शब्द मोजकेच आहेत आणि ते सरळ पाठ करावेत. त्यामागे तर्क शोधत बसण्यात अर्थ नाही.

जेवणाचं सोपं आहे. ‘वी हॅड लंच ॲट वन’ हे रोजचं जेवण. त्याला विशेषण लागलं की ‘अ हेवी लंच’ होतं, आणि काल ऑफिसने दिलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं जेवण असेल तर ‘द लंच’. खेळांना काहीच लागत नाही: ‘प्ले क्रिकेट’, ‘प्ले कॅरम’. वाद्यांना मात्र पाठ्यपुस्तकं ‘प्ले द गिटार’ असा ‘द’ लावतात.

भाववाचक नामांत गोंधळ होतो तो विशेषणामुळे. ‘लाइफ इज हार्ड’ सहसा कुणी चुकत नाही. पण ‘मॉडर्न लाइफ’ म्हणायची वेळ आली की हात आपोआप ‘द’ लिहितो. तो नको. आधुनिक झालं तरी ते सर्वसाधारण आयुष्यच. ‘द’ येतो तो पुढे ‘ऑफ’ लागून आयुष्य कुणाचं ते ठरलं की: ‘द लाइफ ऑफ अ सेलर’. तसंच ‘ऑनेस्टी’ एकटी असते, पण साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलायचं तर ‘द ऑनेस्टी ऑफ द विटनेस’.