पैसे घेताना पिन कशाला?

जुनं कपाट ८,००० रुपयांना विकायची जाहिरात तुम्ही ऑनलाइन टाकता. थोड्याच वेळात फोन येतो. समोरचा घासाघीस करत नाही, कपाट पाहायलाही येत नाही. ‘आगाऊ पैसे पाठवतो, रिक्वेस्ट आली की पिन टाका,’ एवढंच म्हणतो. इथेच सावध व्हा. वस्तू न पाहता पूर्ण किंमत मोजणारा गिऱ्हाईक मला तरी खरा वाटत नाही.

स्क्रीनवर ‘८,००० रुपये मिळतील’ असं दिसतं, पण ते वाक्य त्यानेच शेऱ्याच्या जागी लिहिलेलं असतं. ॲपचे स्वतःचे शब्द खाली, बटणावर असतात: Pay. यूपीआय पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे काढायची परवानगी. पैसे जमा व्हायला तो कधीच लागत नाही.

ऑक्टोबर २०२५पासून व्यक्ती-व्यक्तींमधली अशी रिक्वेस्ट बंद झाली आहे. त्यामुळे आता तोच डाव क्यूआर कोड पाठवून खेळला जातो. कोड स्कॅन करणारा पैसे देतो, घेत नाही. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढे वळवली जाण्याआधी गोठवता येऊ शकते.